दहा टक्क्यांचा हिशोब आणि रेहेकुरीचा माळ

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी तो पिरॅमिड पाहिलेला आहे. तळाला गवत, त्याच्यावर हरण, टोकाला लांडगा. शेजारी आकडे दिलेले असतात : दहा हजार, एक हजार, शंभर. प्रत्येक पायरीवर एक दशांश ऊर्जा पुढे जाते आणि बाकीची उष्णता होऊन उडून जाते. हा नियम आला कुठून, आणि आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एखाद्या खऱ्या माळावर तो लावला तर काय होतं, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्या, दलदलीच्या तळ्यापासून होते. नाव सीडर बॉग लेक. रेमंड लिंडेमन नावाच्या तरुणाने काही वर्षं या तळ्यातले शेवाळ, वनस्पती, किडे आणि त्यांना खाणारे जीव मोजले. तोपर्यंत कोण कोणाला खातो याच्या याद्या पुष्कळ झाल्या होत्या. लिंडेमनने त्या यादीतल्या सगळ्या जीवांना ऊर्जेच्या एकाच मापाने मोजलं. तो पुढे येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेला आणि आपला निबंध ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे पाठवला. परीक्षकांनी तो नाकारला. मोजमाप थोडं आणि सिद्धांत फार, असा त्यांचा आक्षेप होता. हचिन्सन यांनी संपादकांकडे रदबदली केली, तेव्हा कुठे 1942 मध्ये तो छापला गेला. पण छापील अंक पाहायला लिंडेमन नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात, आजारपणाने तो गेला.

आता गंमत पाहा. त्या निबंधात ‘दहा टक्के’ असा नियम नाहीच. सीडर बॉग लेकमध्ये वनस्पती खाणाऱ्यांसाठी 13.3 टक्के आणि त्यांच्या भक्षकांसाठी 22.3 टक्के असे आकडे निघाले. मेंडोटा या दुसऱ्या तळ्याचे आकडे 8.7, 5.5 आणि 13 टक्के असे होते. दहा ही पुढे रूढ झालेली गोळाबेरीज. ती अगदीच हवेतली नाही. 1995 मध्ये डॅनियल पॉली आणि व्हिली क्रिस्टेन्सन यांनी पाण्यातल्या अनेक परिसंस्थांचे हिशोब एकत्र केले, तेव्हा सरासरी दहाच्या आसपासच आली. पण हे सगळं पाण्यातलं. आपला माळ कोरडा आहे, आणि त्याच्यावर चरणारं जनावर गरम रक्ताचं आहे.

तर कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला येऊ. काळविटांसाठी 1980 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं 217 हेक्टरांचं आहे. पर्जन्यछायेतला प्रदेश, बाभूळ-हिवराची विरळ झाडं आणि मधे गवताळ मोकळी जागा. हिशोबासाठी आपण धरून चालू की बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी दोन टन वाळलेलं गवत उभं राहतं. म्हणजे एकूण 434 टन. एक किलो वाळक्या गवतात साधारण 4,000 किलोकॅलरी धरल्या, तर माळाच्या तळपायरीवर वर्षाला सुमारे 174 कोटी किलोकॅलरी जमा झाल्या.

आता पुस्तकी नियम लावा. दहावा हिस्सा, म्हणजे 17.4 कोटी किलोकॅलरी, काळविटांच्या अंगी लागला. एक किलो जिवंत वजनात 1,500 किलोकॅलरी धरल्या तर वर्षाला एक लाख सोळा हजार किलो नवं वजन तयार झालं. 35 किलोचं एक जनावर धरलं, तर दरवर्षी 3,300 नवी काळविटं!

इथेच थांबून ताळा करायला हवा. एक काळवीट दिवसाला साधारण किलोभर कोरडा चारा खातं, म्हणजे वर्षाला 365 किलो. मग 434 टन गवताची शेवटची काडी खाल्ली तरी जेमतेम 1,200 जनावरं जगतील. जिथे 1,200 जगू शकत नाहीत, तिथे दरवर्षी 3,300 नवी कुठून येणार? उत्तर चुकलेलं आहे, आणि ते भागाकारात चुकलेलं नाही.

चूक शोधायची तर दहा टक्क्यांचे तुकडे पाडावे लागतात. उगवलेल्या गवतातलं काळविटाच्या तोंडी लागतं ते, समजा, चौथा हिस्सा. बाकीचं नाकतोडे खातात, वाळवी नेते, काही तुडवलं जातं, काही उभ्या उभ्या वाळतं. 434 टनांतले 108 टन खाल्ले गेले. त्यातलं निम्मं लेंड्यांवाटे बाहेर पडतं. उरले 54 टन. म्हणजे मूळ गवताचे साडेबारा टक्के. आला की नाही आपला दहाच्या जवळचा आकडा? पण ही झाली जनावराच्या शरीरात शिरलेली ऊर्जा. लिंडेमननेही प्रत्येक पायरीचा श्वसनाचा खर्च धरूनच मोजणी केली होती. शरीरात शिरलेलं आणि अंगी लागलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात त्या एक झाल्या.

गरम रक्ताच्या जनावराचा खर्च जबर असतो. अंग ऊबदार ठेवणं, पळणं, श्वास घेणं यातच शिरलेल्या ऊर्जेपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के जातात. दोन टक्के अंगी लागले असं धरलं, तर 54 टनांतला एक टनाहून थोडा जास्त भाग, म्हणजे सुमारे 43 लाख किलोकॅलरी. त्याचं जिवंत वजन झालं 2,900 किलो. म्हणजे वर्षाला 83 काळविटं. 108 टन चाऱ्यावर तीनशेच्या आसपास जनावरं पोसली जातात. तीनशेंच्या कळपात 83 जनावरांइतकी भर, हे पटण्यासारखं आहे.

आता टोकाला जाऊ. लांडग्याला दिवसाला दोन किलो मांस धरलं तर वर्षाला 730 किलो लागतं. पुस्तकी हिशोबाने या 217 हेक्टरांवर दीडशेहून जास्त लांडगे पोसले जायला हवेत. दुरुस्त हिशोबात, कळपातली सगळीच्या सगळी भर लांडग्यांच्याच तोंडी गेली तर चार. हाडं, शिंगं आणि पोटातला चारा वगळला तर तीनसुद्धा अवघड. आणि पाऊस निम्मा झाला, गवत एक टनावर आलं, की वरचे सगळे आकडे निम्मे होतात.

हा फरक फळ्यावरचा नाही. धनगराच्या वाड्यावर लांडगा आला की लोक विचारतात, अभयारण्यात एवढी हरणं असताना हा मेंढरांवर का येतो? दीडशेचा आकडा डोक्यात असेल तर लांडगा लबाड वाटतो, नाहीतर वनखात्याने त्याला सोडलंय असं वाटतं. तीन-चारचा आकडा पाहिला की कळतं, एक टोळीसुद्धा एवढ्याशा कुंपणात भागवू शकत नाही. तिला आजूबाजूच्या पडीक माळावर, मेंढरांच्या वाटेवर यावंच लागतं. म्हणून मेंढपाळाला वेळेवर मिळणारी भरपाई हाही या साखळीच्या हिशोबातलाच एक आकडा आहे.

आम्ही इथे धरलेले हेक्टरी दोन टन, चौथा हिस्सा, दोन टक्के हे अंदाज आहेत. माळावर चौकट टाकून गवत कापून, वाळवून, तोलून ते बदलता येतील. पायऱ्यांचा क्रम मात्र तोच राहील : किती उगवलं, किती खाल्लं, किती पचलं, किती अंगी लागलं. यातली एकही पायरी गाळून सरळ दहाने भागलं, की माळावर तीन हजार काळविटं उभी राहतात.