१२०२ : रिस्क रजिस्टरमधली एक ओळ

मंडळी, प्रोजेक्ट प्लॅनमधला 'रिस्क'चा भाग कुणी मनापासून वाचलाय का? 'सिस्टीमवर ताण येऊ शकतो, योग्य ती काळजी घ्यावी.' आता यावर रात्री दोन वाजता करायचं काय? याचं खरं उत्तर मला १९६९ मध्ये सापडलं.

अपोलो ११ च्या उड्डाणाआधी ह्यूस्टनमध्ये चंद्रावर उतरण्याच्या तालमी चालल्या होत्या. एका तालमीत यानाच्या कॉम्प्युटरने १२०१ हा अलार्म दिला. गायडन्स बघणाऱ्या स्टीव्ह बेल्सला त्याचा अर्थ लागेना, म्हणून त्याने उतरणं रद्द करायला लावलं. तालमीनंतर कळलं की रद्द करायची गरजच नव्हती. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रान्झने फर्मावलं, प्रत्येक अलार्मला काय करायचं ते लिहून काढा. मग २४ वर्षांच्या जॅक गार्मनने हाताने एक यादी लिहिली.

त्यातली आपल्या कामाची ओळ साध्या भाषेत अशी:

- लक्षण: १२०१ किंवा १२०२.
- अर्थ: कामं जास्त झाली, तात्पुरत्या मेमरीतल्या जागा संपल्या. कॉम्प्युटर स्वतःच रीस्टार्ट होऊन महत्त्वाची कामं पुढे चालू ठेवतो.
- काय करायचं: गायडन्स नीट चालतंय का बघा. अलार्म अधूनमधून येत असेल तर पुढे चला.
- कधी थांबायचं: अलार्म सतत येत राहिला तर या गायडन्सवर विसंबू नका.

२० जुलै १९६९. चंद्रापासून सुमारे १० किलोमीटर उंचीवर १२०२ वाजला. गार्मनने यादीवरून बेल्सला सांगितलं, बेल्सने 'गो' दिला. पुढे आणखी चार अलार्म आले, त्यातला एक १२०१ होता. ऑल्ड्रिनच्या लक्षात आलं की एक विशिष्ट आकडेवारी स्क्रीनवर मागितली की अलार्म येतो. मग ह्यूस्टन म्हणालं, तो आकडा आम्ही इथून बघतो. कॉम्प्युटरचं एक काम कमी झालं!

आता गंमत बघा. दुसऱ्या यानाशी जुळणी करायला लागणाऱ्या रडारचे फालतू सिग्नल कॉम्प्युटरचा वेळ खात होते, हे खरं कारण त्या यादीत नव्हतंच. ते त्या क्षणी कुणालाच माहीत नव्हतं. तरी यादी उपयोगी पडली, कारण ती कारणावर नाही, दिसणाऱ्या लक्षणावर बेतलेली होती. कारण शोधायला नंतर वेळ मिळतो, निर्णयाला मात्र काही सेकंदच असतात.

तिची मर्यादाही इथेच कळते. यादीने रडारचा दोष दुरुस्त केला नाही. आणि कॉम्प्युटरला रीस्टार्ट होऊन काम पुढे न्यायची सोय आधीच दिलेली नसती, तर 'पुढे चला' लिहिताच आलं नसतं. म्हणजे उपाय आधी सिस्टीममध्ये हवा, मग कागदावर.

म्हणून रिस्कची ओळ लिहिताना मी आता चारच गोष्टी बघतो: दिसेल काय, त्याचा अर्थ काय, करायचं काय आणि थांबायचं कधी. चौथा रकाना रिकामा असेल तर ती ओळ अजून 'काळजी घ्यावी'च्याच जातीची आहे.