एका शब्दात दडलेले दोन धागे : वाळव्याचा ताग, बंगालचा ताग

१/ पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचायचा आणि तयार झालेली खोळ डोक्यावरून घ्यायची : इस्लामपूर भागातील शिवारात पावसाळी कामाचा हा जुना पोशाख. ‘तागाचे पोते’ म्हणून आपण त्याला ओळखतो. मात्र बांधापलीकडे उसासाठी पेरलेल्या हिरवळीच्या खतालाही शेतकरी ‘ताग’च म्हणतो. ही दोन वेगळी झाडे आहेत. एकाचे कापड वापराने मऊ होते, दुसऱ्याचे जवळजवळ होत नाही. आजचा धागा या फरकाविषयी.

२/ शेतातला ताग म्हणजे संस्कृतातील ‘शण’, पिवळ्या फुलांचे शेंगवर्गीय झाड. पोत्याचा ताग म्हणजे बंगालचा ज्यूट. १८८५च्या सातारा गॅझेटियरमध्ये (वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता) तंतुपिके म्हणून अंबाडी आणि शणाचा ताग येतात. म्हणून जुन्या दख्खनी कागदात ‘ताग’ दिसला, तर प्रथम शण आठवावा, ज्यूट नव्हे.

३/ शणाचे कापड अंगावर घालण्याची परंपरा फार जुनी आहे. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्याच्या वस्त्रांत शणाचा उल्लेख आहे. बौद्ध विनयपिटकात भिक्षूंच्या चीवरासाठी सहा प्रकारची कापडे मान्य आहेत. त्यांत कापूस, रेशीम आणि लोकर यांच्या पंगतीला शण आणि भांगेच्या झाडाचा तंतू हे दोन्ही बसतात. म्हणजे हे केवळ गोणीचे कापड नव्हते.

४/ इतका भरड तंतू अंगाला कसा सोसत असे? उत्तराचा पहिला भाग पाण्यात आहे. कापलेल्या शणाच्या पेंढ्या काही दिवस पाण्यात कुजवतात. सालीतील तंतूंना धरून ठेवणारे पेक्टिन जिवाणू खातात. काडी बुडाशी सोलून पाहावी : साल अखंड, स्वच्छ सुटली तर वेळ झाली. लवकर काढली तर सालीचे तुकडे वाखाला चिकटून राहतात आणि तो खरखरीत होतो. उशीर झाला तर वाख निस्तेज पडतो व हातात तुटतो.

५/ दुसरा भाग हातात आहे. वाख धुवायचा, वाळवायचा, कुटायचा, विंचरायचा. प्रत्येक वेळी तंतूंचा जुडगा थोडा आणखी फुटतो आणि धागा बारीक होतो. कापड झाल्यावर हेच काम धुणे व आपटणे करते. शण आणि भांगेचे कापड जुने होताना मऊ होते, ते या कारणाने.

६/ ज्यूटचे असे होत नाही. त्याच्या तंतूत लाकडाला कठीणपणा देणारे लिग्निन सुमारे १२ टक्के असते. शणात व भांगेत ते बरेच कमी, कापसात जवळजवळ नाहीच. शिवाय ज्यूटचा लांब दिसणारा तंतू म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या पेशींची चिकटवलेली साखळी. सगळा चिकटा काढला तर मऊ धागा मिळत नाही. धागाच सुटून जातो. भिजल्यावर ज्यूट कमजोर होतो, म्हणून वारंवार धुणेही त्याला मानवत नाही.

७/ स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्यांनी १८३०च्या दशकात यावर वाट काढली. व्हेल माशाचे तेल व पाणी शिंपडून ज्यूट नरम केला, तेव्हा तो यंत्रावर कातता आला. ही नरमाई कातण्यापुरती होती, त्वचेसाठी नव्हे. १८५५मध्ये बंगालात रिश्रा येथे गिरणी सुरू झाली. पुढे स्वस्त पोती देशभर पोहोचली आणि आपल्याकडे ‘ताग’ हा शब्दही त्यांना चिकटला.

८/ मग आजचे मऊ ज्यूटचे पडदे आणि उशांचे अभ्रे? त्यांत बहुधा कापसाची भेसळ असते, किंवा कडक कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. सोड्यात तंतू आखडतो, कुरळा होतो आणि लोकरीसारखा भासतो. किंमत म्हणून वजन आणि बळकटी घटते. उन्हात पिवळे पडण्याची खोड मात्र राहते. खिडकीच्या पडद्यावर ती आधी दिसते.

९/ जुन्या चिंधीचा तंतू कोणता, हे ठरवण्यासाठी एक रासायनिक खूण आहे. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने लिग्निन लाल होते. ज्यूट गडद रंगतो, शण त्या मानाने फिका. दोन-चार तंतू पुरतात. त्यांचा मात्र बळी द्यावा लागतो.

१०/ वाळव्यात शणाचा ताग आजही पेरला जातो, पण फुलोऱ्यात येताच नांगराखाली गाडला जातो. कुजतो तो अजूनही; फक्त वाख काढायला कुणी थांबत नाही. त्यामुळे झाड गावात उरले, त्याचे कापड गेले, आणि त्याचे नाव परप्रांतीच्या पोत्याने घेतले. ‘तागाचे कापड’ वाचताच गोणपाट आठवण्यापूर्वी साल तपासा : कागदाचे आणि, मिळाल्यास, काडीचेही.