पावतीची वाट वेगळी, जाहिरातीची वेगळी

मोठ्या कंपन्यांच्या ईमेलमध्ये आज दोन प्रवाह वेगळे ठेवलेले दिसतात. पासवर्ड बदलण्याची लिंक, ओटीपी, खरेदीची पावती हे व्यवहाराचे मेल एका सबडोमेनवरून आणि एका आयपी पत्त्यावरून निघतात. सवलतींचे आणि वार्तापत्रांचे मेल दुसऱ्या सबडोमेनवरून, दुसऱ्या आयपीवरून निघतात. या रीतीचे दोन थर वेगवेगळ्या काळात पडले. आधी आयपी वेगळे झाले, सबडोमेन नंतर आले. हा क्रम ठरला तो एका प्रश्नाने: आलेल्या मेलमधली कोणती खूण खोटी असू शकत नाही?

ईमेल पोचवण्याचा एसएमटीपी हा नियमसंच जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ मध्ये लिहिला. त्यात पाठवणारा आपले नाव सांगतो आणि घेणारा ते मान्य करतो. नाव पडताळण्याची सोयच नव्हती. पुढे स्पॅमचा पूर आला, तेव्हा घेणाऱ्या सर्व्हरला भरवशाची एकच गोष्ट उरली होती, जोडणी ज्या आयपीवरून आली तो आयपी. जोडणी पूर्ण होण्यासाठी उत्तर त्याच पत्त्यावर परत जावे लागते, म्हणून तेथे थाप मारणे अवघड. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी आणि डेव्ह रँड यांनी मॅप्सची काळी यादी सुरू केली, ती आयपींचीच होती. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ मध्ये स्थापलेल्या स्पॅमहॉसची यादीही तशीच. ती विचारण्याची पद्धत आजही तीच आहे. `192.0.2.45` वरून मेल आला, तर घेणारा सर्व्हर आकडे उलटे करून डीएनएसला विचारतो:

```
45.2.0.192.sbl.spamhaus.org
```

उत्तरादाखल `127.0.0.2` आले, तर तो आयपी यादीत आहे. यादीला आयपी तेवढा कळतो. त्यावरून निघालेला मेल पावतीचा होता की जाहिरातीचा, हे तिला कळत नाही. पत आयपीला चिकटली, म्हणून प्रवाहांची पहिली फारकतही आयपीवरच झाली.

या दोन प्रकारांना कायद्यातले नाव अमेरिकेत मिळाले. १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या कॅन-स्पॅम कायद्याने जाहिरातीचा मेल आणि ‘व्यवहाराचा किंवा नात्याचा’ मेल यांत रेषा ओढली. आधीच झालेला सौदा पुरा करणारा मेल दुसऱ्या गटात पडतो आणि त्यात नकार नोंदवण्याची सोय देणे बंधनकारक नाही. कायद्याने आयपीबद्दल काही सांगितले नव्हते. तरी कोणता मेल कुठल्या वाटेने पाठवायचा, हे ठरवायला त्यातून एक नेमकी कसोटी हाती आली.

वाट एकच असली की काय होते, हे उदाहरणाने नीट कळते. समजा, एक दुकान `example.com` वरून एकाच आयपीने सगळे मेल पाठवते. सणाच्या संध्याकाळी ते दोन लाख ग्राहकांच्या जुन्या यादीला सवलतीचा मेल धाडते. यादीतले बरेच पत्ते बंद पडलेले असतात. काही पत्ते पूर्वीच्या मालकाने सोडल्यावर स्पॅम पकडण्यासाठी सापळे म्हणून वापरात आलेले असतात. शिवाय अनेक जण ‘स्पॅम’चे बटण दाबतात. थोड्याच वेळात जीमेलकडून `421-4.7.28` असे उत्तर येऊ लागते: या आयपीवरून नको असलेला मेल फार येतो आहे, सध्या थांबा. चारने सुरू होणारे उत्तर तात्पुरते असते, म्हणून पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो. पोस्टफिक्स हा सर्व्हर मूळ मांडणीत पुन्हा प्रयत्न करण्याआधी निदान ३०० सेकंद थांबतो आणि पुढे हा खंड ४,००० सेकंदांपर्यंत वाढत जातो. त्याच रांगेत एका ग्राहकाचा ओटीपी अडकलेला असतो आणि त्याची मुदत दहा मिनिटांची असते. तो पोचेपर्यंत निकामी झालेला असतो, पैसे भरायला बसलेला माणूस उठून गेलेला असतो. सवलतीचा मेल उद्या पोचला तरी फारसे बिघडत नाही, ओटीपीचे मात्र सगळे मोल त्या दहा मिनिटांत असते. नुकसान नेमके त्याच मेलचे होते, ज्याची ग्राहक वाट पाहत होता.

दुसरा थर सहीतून आला. याहूची डोमेनकीज आणि सिस्कोची तशीच एक योजना एकत्र करून २००७ मध्ये आरएफसी ४८७१ मध्ये डीकेआयएम प्रमाण झाले. आता मेलवर डोमेनची गणिती सही येऊ लागली, आणि आयपीखेरीज आणखी एक खूण पडताळता येऊ लागली. त्याआधीच, २००६ मध्ये, जीमेलच्या ब्रॅडली टेलर यांनी एका निबंधात मांडले होते की पडताळलेल्या डोमेनगणिक पत मोजता येते आणि वापरकर्त्यांनी दाबलेली ‘स्पॅम’ व ‘स्पॅम नाही’ ही बटणेच तिचा मुख्य पुरावा ठरतात. पत डोमेनवर मोजली जाऊ लागल्यावर नुसता आयपी बदलणे पुरेसे राहिले नाही. दोन्ही प्रवाहांवर एकाच डोमेनची सही असली, तर जाहिरातीची बदनामी सहीमागोमाग पावतीपर्यंत पोचते. २०१० च्या आरएफसी ५८६३ मध्ये प्रवाहांप्रमाणे वेगवेगळी सबडोमेन सहीत वापरण्याची वाट सुचवलेली आहे. मेलच्या शीर्षभागात ही फारकत अशी दिसते:

```
From: pavati@txn.example.com
DKIM-Signature: v=1; d=txn.example.com; s=k1; ...

From: offers@news.example.com
DKIM-Signature: v=1; d=news.example.com; s=k1; ...
```

यात `d=` नंतरचे नाव महत्त्वाचे. पुष्कळदा From मध्ये सबडोमेन घातले जाते, पण सहीत मूळ डोमेनच राहते. मग दोन्ही प्रवाहांवर पुन्हा एकच सही येते. जीमेलमध्ये आलेल्या मेलचे मूळ रूप उघडून ही एक ओळ वाचली की चूक कळते.

सबडोमेनऐवजी साफ वेगळे डोमेन घ्यावे, असा विचार काही जण करतात. तो टाळलेलाच बरा. `example-offers.com` सारखे नाव दुकानाचे आहे की ठगाचे, हे ग्राहकाला ओळखता येत नाही. सबडोमेन मूळ नावाखाली राहते, आणि २०१५ च्या आरएफसी ७४८९ मधला डीमार्कही त्याला मूळ डोमेनचे नातेवाईक मानतो.

याच नात्यामुळे फारकतीला मर्यादाही पडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना कडक नियम लावले: तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोचू द्यायचे नाही आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यायची. हे ५,००० मोजताना मूळ डोमेनखालची सगळी सबडोमेन एकत्र धरली जातात. `news` ची पत फारच घसरली, तर तिची झळ मूळ नावालाही लागू शकते. फारकतीने धक्का कमी होतो आणि तो कुठून आला हे कळते. खराब यादी मात्र तिने चांगली होत नाही.

आयपीचे गणित आणखी निराळे आहे. नव्या आयपीला पतच नसते. रोज थोड्या मेलपासून सुरू करून काही आठवड्यांत आकडा वाढवावा लागतो. ज्याचे मेल रोज शेकड्यांतच जातात, त्याचा स्वतंत्र आयपी कोणाच्या नजरेत भरण्याइतका वाहतच नाही. अशा लहान दुकानाने सबडोमेन वेगळे करावे आणि आयपी मात्र चांगल्या सेवेचा सामायिकच ठेवावा.

ही सगळी मांडणी पावतीच्या तळाशी घातलेल्या एका सवलतीच्या चौकटीने कोलमडते, कारण मग ग्राहकाची तक्रार थेट व्यवहाराच्या प्रवाहावर नोंदली जाते. पावतीत जाहिरात मिसळू नये, असे जीमेलच्या मार्गदर्शनातही स्पष्ट लिहिलेले आहे.