दहा हजार घरांमागे एकोणसाठ

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीनं मोबाइलवर काढलेला एक फोटो पाठवला. ती मेडिकल कॉलेजात शिकवते. साथरोगाच्या तासाला वाटायचा एक कागद तिच्या आधीच्या सरांनी कधीतरी एक्सेलमध्ये केला होता. मूळ फाइल सरांबरोबर गेली, हातात राहिला फक्त प्रिंटआउट. "टोटलच्या ओळीत काहीतरी गडबड वाटतेय, बघतोस का?" एवढाच निरोप. शनिवार मोकळा होता, बसलो.

तर मंडळी, तक्ता लंडनचा, १८५४ सालच्या कॉलऱ्याच्या साथीचा. डॉ. जॉन स्नो हे नाव ऐकलं असेलच, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावणारा तोच. पण पंपाची गोष्ट जरा जास्तच गाजली. त्याचं खरं मोठं काम थेम्सच्या दक्षिणेला झालं. तिथे एकाच गल्लीत दोन खासगी कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये पाणी उचलायची जागा हलवून नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीजवळ, म्हणजे शहराची गटारं नदीला मिळतात तिथूनच, पाणी घेत राहिली. शेजारी शेजारी घरं, सारखीच माणसं, फरक फक्त पाण्याचा. स्नो आणि त्याचा सहकारी व्हायटिंग यांनी कॉलऱ्यानं माणूस गेलेल्या प्रत्येक घरी जाऊन विचारलं, तुमच्याकडे पाणी कुणाचं? त्यातून साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा जो तक्ता झाला, तो त्याच्या १८५५ च्या पुस्तकात आहे. प्रिंटआउटवर तोच होता, आणि खाली सरांनी जोडलेली एकूणची ओळ:

| | घरं | मृत्यू | दर दहा हजार घरांमागे |
|---|---|---|---|
| साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल | ४०,०४६ | १,२६३ | ३१५ |
| लॅम्बेथ | २६,१०७ | ९८ | ३७ |
| उरलेलं लंडन | २,५६,४२३ | १,४२२ | ५९ |
| एकूण | ३,२२,५७६ | २,७८३ | १३७ |

प्रिंटआउटची गंमत अशी की त्यात फक्त उत्तरं उरतात, फॉर्म्युले उडून जातात. कुठला आकडा हातानं टाइप केलेला आणि कुठला मशीननं काढलेला, हे कागदाकडे नुसतं बघून कळत नाही. ते मागच्या मागे चालत जाऊन शोधावं लागतं.

सुरुवात टायपिंगपासून. फोटोवर बोटाची सावली पडली होती, ३ आणि ८ यांत फरक करणं कठीण. इथे टोटल कामाला येते. छापलेली टोटल आपल्या शीटमध्ये टाइप करायची, पण वेगळ्या रकान्यात. तिच्या शेजारी आपली `SUM` ठेवायची आणि दोन्हींची वजाबाकी बघायची. १,२६३ चं १,२६८ वाचलं गेलं तर फरक बरोबर ५ चा येतो, आणि एककाच्या घरात कुठे ३ च्या जागी ८ बसलाय ते लगेच सापडतं. दोन शेजारचे अंक उलटे पडले, म्हणजे १,२६३ चं १,२३६ झालं, तर फरक नेहमी ९ नं भागला जाणारा येतो (इथे २७). आपले जुने हिशेबनीस ही युक्ती कॅल्क्युलेटर नसताना वापरत. माझ्या शीटमध्ये घरं आणि मृत्यू, दोन्ही रकान्यांचा फरक शून्य आला. म्हणजे फोटो नीट वाचला गेला होता, आणि त्या दोन रकान्यांत खाली साधी बेरीजच होती.

आता शेवटचा रकाना. दर काढायचा म्हणजे मृत्यू भागिले घरं, गुणिले दहा हजार.

```
E2: =C2/B2*10000
F2: =TRUNC(E2)
G2: =D2-F2
```

`D` मध्ये छापलेला आकडा, `E` मध्ये माझा, `G` मध्ये फरक. इथे `ROUND` च्या ऐवजी `TRUNC` का? कारण लॅम्बेथचं उत्तर ३७.५४ येतं. आजच्या सवयीनं ते ३८ व्हायला हवं, छापलंय ३७. ही चूक समजण्याआधी स्नोचे बाकीचे आकडे तपासले. पहिल्या चार आठवड्यांसाठी तो दोन कंपन्यांचे दर ७१ आणि ५ देतो, ते खरे ७१.४ आणि ५.४ आहेत. साउथवर्कची घरं वगळून बाकीच्या लंडनचा दर तो ९ देतो, तो खरा ९.६ आहे. म्हणजे अपूर्णांक सरळ कापायचा ही त्याची रीत. समोरच्याची रीत ओळखण्याआधी `ROUND` लावून बसलो असतो, तर नसलेल्या दोन चुका सापडल्या असत्या.

(याच रीतीचा एक परिणाम बघण्यासारखा आहे. त्या चार आठवड्यांत साउथवर्कच्या पाण्याचे बळी चौदा पट, असं स्नो लिहितो. ७१ भागिले ५ केलं की चौदा येतात खरे. पण न कापलेले आकडे घेतले तर १३.३ च येतात. छापलेल्या गोल आकड्यावर पुढचं गणित करणं हा आजार एक्सेलच्या बराच आधीचा!)

`G` रकान्यात पहिल्या दोन ओळींना शून्य. तिसऱ्या ओळीत ४. १,४२२ भागिले २,५६,४२३ म्हणजे ५५.४६. कापा किंवा जवळच्या पूर्णांकात न्या, ५५ च. ५९ कुठून आलं?

त्याआधी चौथी ओळ उलगडू, कारण ती साक्ष देते. २,७८३ भागिले ३,२२,५७६ केलं की दर ८६ येतो. कागदावर १३७. मग हे १३७ म्हणजे तीन दरांची सरासरी असेल का? ३१५, ३७ आणि ५९ यांची बेरीज ४११, भागिले ३, बरोबर १३७. सापडलं. सरांनी खाली `AVERAGE(D2:D4)` लिहिलं होतं. अडीच लाख घरांचं लंडन आणि सव्वीस हजार घरांचं लॅम्बेथ यांना सारखंच वजन, म्हणून दर दीडपटीहून जास्त फुगला. मैत्रिणीला खटकलं होतं ते हेच. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. दराच्या रकान्यात खरोखर फॉर्म्युला असता, तर सरासरी ३१५.३९, ३७.५४ आणि ५५.४६ यांची झाली असती, म्हणजे १३६. ती १३७ आहे, अर्थात ३१५, ३७, ५९ हे आकडे हातानं टाइप केलेले. ५९ सरांचं नाही, त्यांनी ते पुस्तकातून उचललं.

पुस्तकाचं स्कॅन उघडलं. तिथेही ५९. म्हणजे चूक १८५५ ची.

पुन्हा भागाकार करून एवढंच कळतं की तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. तिघांतला गुन्हेगार कोण, ते भागाकार सांगत नाही. दर ५९ च खरा धरला तर मृत्यू १,५१३ ते १,५३८ च्या मध्ये हवेत. आता १,४२२ चा एकच अंक बदला: १,५२२. दर येतो ५९.४, कापून ५९! बघताच वाटतं, छपाईत ५ च्या जागी ४ पडला, खटला निकाली. आणि १,५२२ खरे असतील तर शंभर मेलेली माणसं तक्त्यातून गायब आहेत.

याला ताडून बघायला बाहेरची टोटल हवी, याच तक्त्यातून न आलेली. ती आहे. लंडनचे मृत्यू रजिस्ट्रार जनरलच्या कचेरीकडून दर आठवड्याला छापले जात. १५ जुलै १८५४ ला संपलेल्या आठवड्यापासून २६ ऑगस्टपर्यंत कॉलऱ्याचे सात आकडे असे: ५, २६, १३३, ३९९, ६४४, ७२९, ८४७. बेरीज करा. २,७८३. सरांच्या टोटलशी तंतोतंत. म्हणजे १,४२२ बरोबर आहेत, कुणी गायब नाही, आणि एका अंकाची ती देखणी थिअरी खोटी. चूक फक्त दरात.

पण १,५२२ इतक्या सहज सोडवेना. स्नोनं "उरलेलं लंडन" काढलं असणार वजाबाकीनंच. २,७८३ मधून १,२६३ गेले, उरले १,५२०. त्यातून ९८ वजा करा, कागदावर, शाळेत करायचो तसे. एकक, दशक, दोन्हीकडे हातचा घ्यावा लागतो. शतकातून घेतलेला हातचा वजा करायला विसरलात तर उत्तर काय येतं? १,५२२. कच्च्या कागदावर असं झालं, त्यावरून दर काढला, मग मृत्यूंचा आकडा दुरुस्त झाला आणि दर तसाच राहिला, असं घडलेलं असू शकतं. पुरावा म्हणून मी हे कोर्टात नेणार नाही, ५५ चं ५९ निव्वळ छापखान्यातही होऊ शकतं. पण फॉर्म्युला नसलेल्या शीटमध्ये नेमकं असंच होतं: वरचा आकडा बदलला म्हणून खालचा आपोआप बदलत नाही.

घरांचा रकानाही असाच ताडून बघता येतो. स्नो स्वतःच काही पानं आधी सांगतो की १८५१ च्या जनगणनेत लंडनमध्ये ३,२७,३९१ घरं होती. आपली टोटल ३,२२,५७६. फरक ४,८१५ घरांचा. दोन्ही कंपन्यांची घरं वजा केली तर उरलेल्या लंडनला २,६१,२३८ यायला हवीत. तो आकडा घेऊन दर काढला तर ५४. म्हणजे कुठलीही घरं घ्या, ५९ पर्यंत पोचता येत नाही.

मग स्नोचा निष्कर्ष डळमळतो का? ३१५ आणि ३७ ला धक्का लागत नाही, साउथवर्कचे बळी आठ ते नऊ पट हे त्याचं वाक्य कापलेल्या आकड्यांनी आणि न कापलेल्यांनी, दोन्हींनी टिकतं. लॅम्बेथची घरं उरलेल्या लंडनपेक्षाही सुरक्षित होती हेही खरंच राहतं, अंतर थोडं कमी होतं इतकंच.

जे `G` रकान्यात कधीच दिसणार नाही ते वेगळंच आहे. कंपन्यांच्या घरांचे आकडे पार्लमेंटला दिलेल्या माहितीतले, १८५३ सालचे. लंडनच्या एकूण घरांचा आकडा १८५१ चा. दोन वेगळ्या तारखांचे, वेगळ्या हेतूनं मोजलेले आकडे एकमेकांतून वजा केलेत. गणित चोख जुळलं असतं तरी ही गोष्ट तशीच राहिली असती. मैत्रिणीला पाठवलेल्या नव्या शीटमध्ये मी घरांच्या शेजारी "कुठल्या तारखेला मोजलं" असा एक रकाना वाढवला. ५९ मात्र खोडलं नाही. ते "छापलेलं" च्या रकान्यात आहे, शेजारी ५५, आणि खाली १३७ च्या जागी ८६.