भाकरीतलं लोह आणि जेवणावरचा चहा

आमचं घर धुळ्याचं. ताटात बाजरीची भाकरी, पालेभाजी, ठेचा आणि ताट उचललं की लगेच चहा. मायचं हिमोग्लोबिन साडेनऊ आलं तेव्हा ती म्हणाली, "रोज बाजरी खाते, तरी?" मी दिवसभर बग शोधणारा माणूस. हा बग शोधायला गेलो आणि इतिहासात शिरलो.

भाकरी जुनी, पण जेवणावरचा चहा तसा नवाच. 1930 च्या दशकात टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाने देशभर चहाचा जोरदार प्रचार केला आणि तिथून तो घराघरात मुरला. त्याचा लोहावर काय परिणाम होतो, हे 1975 मध्ये नीट मोजलं गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या बायकांना भात आणि बटाटा-कांद्याचं सूप दिलं. त्यातलं सुमारे 11 टक्के लोह अंगी लागत होतं. सोबत चहा दिला तर अडीच-तीन टक्केच!

का? धान्यातलं लोह पोटातल्या आम्लात विरघळतं. पुढे आतड्यात आम्ल कमी होतं, तेव्हा बाजरीतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन त्याला पकडून ठेवतं. असं बांधलेलं लोह शोषलं जात नाही, बाहेर पडतं. क जीवनसत्त्व उलटं काम करतं. ते लोहाचं रूप बदलून त्याला विरघळलेलंच ठेवतं.

आता धुळ्याची गोष्ट. 2018 मध्ये इथल्याच बाजरी संशोधन केंद्रातून 'फुले महाशक्ती' हा वाण आला. त्यात किलोला 87 मिलिग्रॅम लोह आहे, नेहमीच्या बाजरीत 45 ते 50. हिशोब करू. 100 ग्रॅम पिठाच्या भाकरीत नव्या वाणाचं 8.7 मिलिग्रॅम लोह. चहामुळे समजा 5 टक्केच शोषलं, तर 0.43 मिळालं. जुन्या बाजरीत 5 मिलिग्रॅम. पण लिंबू पिळून, चहा टाळून समजा 10 टक्के शोषलं, तर 0.5 मिळालं. म्हणजे एका कपाने नव्या वाणाची सगळी कमाई घालवली. टक्के मी समजुतीसाठी धरलेत, ते माणसागणिक बदलतात.

लिंबू मात्र त्याच जेवणात हवं, सकाळचं लिंबू रात्रीच्या भाकरीला उपयोगी नाही. आणि भाजी उतरवल्यावर पिळायचं, कारण उकळताना क जीवनसत्त्व बरंच जातं. पेरू, आवळा, कच्ची कोथिंबीरही चालते. पण लिंबू पिळलं म्हणून वर चहा चालेल असंही नाही. 1975 च्या त्या प्रयोगात क जीवनसत्त्व असतानाही चहाने शोषण घटवलंच होतं.

साडेनऊला फक्त लिंबू पुरत नाही. मायच्या गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्यात. चहा तिने सोडला नाही, फक्त दीड तास पुढे ढकलला. "तेवढं चालतं ना रे?" चालतं, माय.

भेटू पुढच्या भागात!