अनुवादकाची टीप, इंडोनेशियन विद्वत्ग्रंथांतील

परभाषेतील अभ्यासग्रंथ इंडोनेशियनमध्ये आणताना अनुवादकाने आपले निर्णय आणि मर्यादा सांगणारे निवेदन. ते बहुधा ग्रंथारंभी ‘चातातान पेनेर्जेमाह’ या शीर्षकाखाली येते.

पहिला निर्णय सर्वनामाचा असतो. मराठीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’प्रमाणे इंडोनेशियनमध्ये ‘किता’त श्रोता धरला जातो, ‘कामी’त वगळला जातो. इंग्रजीत हा भेद नसल्याने लेखकाचे प्रथमपुरुषी अनेकवचन कुठे वाचकाला सामावते, हे अनुवादकच ठरवतो. त्याचा निकष टिपेत द्यावा लागतो.

दुसरा प्रश्न मूळ भाषेत परतणाऱ्या उताऱ्यांचा. बेनेडिक्ट अँडरसन यांच्या ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’मध्ये (१९८३) मार्को कार्तोदिक्रोमो यांच्या मलय कथेतील उतारा इंग्रजीत येतो. अशा वेळी इंग्रजीवरून उलट अनुवाद केला, तर मूळ शब्द हरवतात. म्हणून मूळ मलय मजकूर शोधून घालतात. १९७२ च्या लेखनसुधारणेपूर्वीची वर्णरचना जपली की बदलली, तेही नोंदवतात. मूळ मिळाले नाही, तर तो उतारा उलट अनुवादित असल्याचे स्पष्ट करतात.

अनुवाद न केलेल्या संज्ञा तिरप्या अक्षरांत ठेवून पहिल्या उल्लेखाशी अर्थ देतात. टिपेतील निर्णय ग्रंथभर सारखा पाळला नसेल, तर टीप निरुपयोगी ठरते.