एक लिटर गायीचे दूध तयार करायला खर्च किती येतो?

दुधाचे दर पडले की शेतकरी म्हणतो, "या भावात परवडत नाही." मग परवडायला भाव किती हवा? हे कळण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या गोठ्याचा हिशेब मांडून पाहू. यातील दर उदाहरणादाखल आहेत. ते गावोगावी बदलतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

गोठा कसा आहे?

गोठ्यात चार संकरित एचएफ गाई आहेत. तीन दुभत्या असून प्रत्येकी रोज 12 लिटर दूध देतात. चौथी गाभण आहे आणि आटलेली आहे. म्हणजे रोजचे दूध 36 लिटर, पण खाणारी तोंडे चार.

चारा आणि पेंड: सर्वांत मोठा खर्च

एका दुभत्या गायीचा रोजचा खुराक असा:

- हिरवा चारा 20 किलो, 3 रुपये दराने: 60 रुपये
- कडबा 5 किलो, 8 रुपये दराने: 40 रुपये
- गोळीपेंड 6 किलो, 32 रुपये दराने: 192 रुपये
- खनिज मिश्रण 50 ग्रॅम: 8 रुपये

एकूण 300 रुपये. पेंडीचा साधा ठोकताळा असा की शरीरासाठी दीड किलो आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे सुमारे 400 ग्रॅम. आटलेल्या गायीलाही हिरवा चारा 15 किलो, कडबा 5 किलो, पेंड 2 किलो आणि खनिज मिश्रण लागते, त्याचे 157 रुपये होतात. चारही गाईंचे मिळून रोज 1,057 रुपये. 36 लिटरने भागले तर लिटरमागे 29.36 रुपये.

हिरवा चारा घरच्या शेतातला असला तरी तो फुकट नसतो. तोच चारा विकला असता तर जे पैसे आले असते, ते इथे धरावे लागतात.

मजुरी आणि औषधे

शेण काढणे, चारा कापून आणणे, कुट्टी करणे, दोन वेळा धारा काढणे आणि दूध डेअरीत पोहोचवणे यात घरच्या माणसांचे मिळून रोज पाच तास जातात. आठ तासांची मजुरी 400 रुपये धरली तर याचे 250 रुपये होतात, म्हणजे लिटरमागे 6.94 रुपये.

लस, जंतनाशक, कृत्रिम रेतन आणि डॉक्टरांची फी यासाठी गायीमागे वर्षाला 5,000 रुपये धरू. चार गाईंचे रोजचे 55 रुपये, लिटरमागे 1.53 रुपये.

बेरीज काय सांगते?

29.36 + 6.94 + 1.53 = 37.83 रुपये. यात गायीची किंमत, कर्जाचे व्याज, गोठा आणि वीज धरलेली नाही. शेणखताचे उत्पन्नही वजा केलेले नाही.

2024 च्या ऑक्टोबरपासून राज्य सरकारच्या योजनेत गायीच्या दुधाला डेअरीकडून 28 रुपये आणि अनुदानाचे 7 रुपये, असे 35 रुपये ठरले होते. या भावात आपल्या गोठ्याला लिटरमागे 2.83 रुपये तोटा होतो. मात्र घरची मजुरी धरली नाही तर खर्च 30.89 रुपयांवर येतो आणि 4.11 रुपये नफा दिसतो. हा नफा म्हणजे खरे तर घरच्यांनी, बहुतेक वेळा घरातल्या बायकांनी, अर्ध्या मजुरीहून थोड्या जास्त पैशांत केलेले काम आहे.

हिशेब कुठे बिघडतो?

सर्वांत मोठा फटका आटलेल्या गायीमुळे बसतो. वरच्या गोठ्यात आणखी एक गाय आटली तर दूध 24 लिटरवर येते, पण खर्च 1,219 रुपये राहतो. लिटरचा खर्च थेट 50.79 रुपये होतो. म्हणून गाय माजावर आलेली वेळेत ओळखणे महत्त्वाचे. हंबरणे, दुसऱ्या गायीवर उडणे आणि काचेसारखा पारदर्शक सोट ही त्याची खूण. एक माज चुकला तर पुढचा साधारण 21 दिवसांनी येतो, आणि भाकड काळही तेवढाच लांबतो. आटलेल्या गायीच्या खुराकाने मोजले तर 21 दिवसांचे 3,297 रुपये.

दुसरा फटका दगडीचा, म्हणजे कासदाहाचा. औषधाचे बिल छोटे दिसते, पण उपचार सुरू असताना आणि औषधाचा अंश दुधातून जाईपर्यंत दूध विकता येत नाही. असे सात दिवस गेले तर 84 लिटर, म्हणजे 35 रुपये दराने 2,940 रुपये बुडाले. त्या दिवसांत गाय पेंड मात्र खातच असते. धार काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या वाटीत घेऊन पाहिल्या तर दुधातल्या गुठळ्या लवकर दिसतात.

स्वतःचा हिशेब कसा काढायचा?

एका दिवसाचा नको, पूर्ण वर्षाचा काढा. वर्षभरात सगळ्या जनावरांवर झालेल्या खर्चाला वर्षभरात विकलेल्या दुधाने भागा. फक्त दुभत्या गायीचा आजचा खुराक आणि आजचे दूध पाहिले तर आकडा 25 रुपये येतो, आणि धंदा आहे त्यापेक्षा बरा वाटतो.